देपालपूरचा लसूण नकाशात गायब होतो : रँडम फॉरेस्टला पॉइंट किती आणि कुठले द्यायचे?

मृण्मयी_इंदूर · ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. देपालपूर तहसिलीच्या एका भागाचा रब्बी पिकांचा नकाशा करते आहे. सेंटिनेल-२ ची पाच तारखांची चित्रं घेतली आहेत : नोव्हेंबरची दोन, डिसेंबरचं एक, जानेवारीची दोन. मधली एक तारीख मावठ्याच्या ढगांत गेली. प्रत्येक तारखेचे दहा बँड, म्हणजे एकूण पन्नास. अर्थ इंजिनवर `smileRandomForest`, झाडं ३००.

पॉइंट मी स्वतः गाडीने फिरून घेतले. गहू ४२०, हरभरा ९६, बटाटा ५८, लसूण ३८. एकूण ६१२. त्यातले ३० टक्के टेस्टला ठेवले. अचूकता ९४ टक्के आली आणि लसणाच्या ११ टेस्ट पॉइंटांपैकी ९ बरोबर आले, म्हणून मी खूश होते.

मग नकाशा उघडला. ज्या गावात माझी आतेबहीण राहते, तिथे सलग लसूण आहे हे मला डोळ्यांनी माहीत आहे. नकाशात तिथे गहू आणि हरभरा दिसतो, मधेमधे लसणाचे तुटक ठिपके. लसूण कमी पडतोय म्हणून मग सगळ्या पिकांचे ३८-३८ पॉइंट ठेवून पुन्हा चालवलं, तर आता अर्ध्या तहसिलीत लसूण! कुठला आकडा बरोबर? लसूण शेतातून निघायच्या आत जे करायचं ते करायला हवं, म्हणून घाई.

अभिजित_ग्वाल्हेर · ३ फेब्रुवारी, रात्री ११:०२

दुसरी पद्धतच बरोबर आहे. रँडम फॉरेस्टला ज्या क्लासचे पॉइंट जास्त, तिकडे तो झुकतो. प्रत्येक झाडाच्या वाट्याला जो नमुना येतो त्यात दहातले सात पॉइंट गव्हाचे असतील, तर शंकेच्या जागी मत गव्हालाच जाणार. मी ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यात मोहरी आणि गव्हाचं काम केलं, दोघांचे ३००-३०० पॉइंट, नकाशा स्वच्छ आला. तुमचे ३८ कमी पडतात, एवढंच. लसणाचे पॉइंट पाच-सहा वेळा कॉपी करा, किंवा पायथनमध्ये स्मोट वापरून नवे तयार करा. सगळे ४०० झाले की प्रश्न मिटला.

दत्तूकाका · ४ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

बेटा, पॉइंट घेताना बांधाजवळचं घेऊ नकोस. झाडाखालचं नको, उकिरड्याजवळचं तर नकोच. शेतात नागमोडी चालत जायचं आणि आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा करून वीतभर खोलीची माती काढायची. सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो पिशवीत. लसणाच्या शेताला नुकतं खत दिलं असेल तर आत्ता माती काढण्यात अर्थ नाही. आमच्याकडे हातोदजवळ तीन पिढ्यांची शेती, काही लागलं तर विचार.

मृण्मयी_इंदूर · ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

काका, मी माती नाही घेत, उपग्रहाच्या चित्राला "हे शेत लसणाचं, हे गव्हाचं" असं शिकवायला जागा नोंदवते. पण बांधाचं तुम्ही म्हणालात ते मलाही लागू आहे. बरेच पॉइंट मी बांधावर उभी राहूनच टिपले आहेत.

शेतनकाशा · ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मृण्मयी, पॉइंटांचं राहू द्या. आधी सांगा, हे ३८ लसणाचे पॉइंट किती शेतांतले आहेत? आणि टेस्टचे ३० टक्के वेगळे काढले ते शेतं वेगळी करून, की सगळे पॉइंट एकत्र ढवळून?

काकांनी चुकून का होईना, फार कामाचं सांगितलं आहे. पाव एकराचं शेत म्हणजे साधारण ३२ मीटर बाजूचा चौकोन, त्यात १० मीटरचे दहाच पिक्सेल. चारी बाजूंनी एक-एक पिक्सेल सोडला तर मधे एखाद-दुसरा शिल्लक राहतो. आणि `B11`, `B12` तर मुळात २० मीटरचे बँड, त्यांत शेजारचं पीक मिसळलेलंच असतं. बांधावरचा पॉइंट म्हणजे अर्धा लसूण, अर्धं गवत. तो पॉइंट शेताच्या मध्यावर सरकवा, आणि जिथे मध्यच उरत नाही ते शेत शिकवायला वापरू नका.

मृण्मयी_इंदूर · ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मोजलं. गहू ९६ शेतं, हरभरा ३१, बटाटा १७. लसूण... ५. पाचच शेतं, आणि पाचही देपालपूर रस्त्याला लागून. टेस्टसाठी सगळे पॉइंट ढवळूनच वेगळे केले होते.

शेतनकाशा · ४ फेब्रुवारी, दुपारी २:४५

मग ११ पैकी ९ चा अर्थ लागला. एकाच शेतातले आठ पॉइंट घेतले तर त्यांची पेरणी एका दिवसाची, पाणी एकाच विहिरीचं, बियाणं तेच. त्यातले पाच शिकायला आणि तीन परीक्षेला दिले, तर परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. रँडम फॉरेस्ट स्वतःची जी आतली चूक सांगतो तीही याच कारणाने खोटी लहान दिसते.

शेत हे एकक धरा. तुमच्याकडे लसणाचे ३८ नाहीत, ५ नमुने आहेत. विभागणी पिक्सेल काढायच्या आधी शेतांवर करायची :

```javascript
var p = plots.randomColumn('r', 7);
var trainPlots = p.filter(ee.Filter.lt('r', 0.7));
var testPlots  = p.filter(ee.Filter.gte('r', 0.7));
var trainPx = stack.sampleRegions({
  collection: trainPlots,
  properties: ['crop', 'plot_id', 'village'],
  scale: 10
});
```

बहुतेक जण `sampleRegions` आधी करतात आणि `randomColumn` नंतर लावतात. दोन ओळींची अदलाबदल, पण आकडा फुगतो तो तिथेच. शेतं मोजकी असतील तर एकेक शेत बाहेर ठेवून पाच वेळा चालवून बघा.

अभिजित, कॉपी करण्याबद्दल. पाच शेतांच्या शंभर प्रती केल्या तरी झाडांना पाचच शेतं दिसतात, फक्त ती पाच पाठ होतात. स्मोट दोन खऱ्या नमुन्यांच्या मधला आकडा बनवतो. एक शेत लवकर पेरलेलं आणि एक उशिरा, तर मधला आकडा म्हणजे प्रत्येक तारखेला दोघांची सरासरी. अशी वाढ खऱ्या शेतात कधी होईल की नाही, सांगता येत नाही. तुमची मोहरी आणि गहू दोन्ही तुमच्याकडे मुबलक, म्हणून सारखे पॉइंट घेतले तरी जमिनीवरच्या प्रमाणाच्या जवळच राहिले. लसूण तसा नाही.

प्राजक्ता_बडोदे · ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

हे मी भोगलेलं आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे बडोद्याला कापूस, एरंडी, तूर आणि केळी. केळी थोडी, म्हणून मी सगळ्यांचे सारखे पॉइंट दिले आणि टेस्टचे पॉइंटही सारखेच घेतले. टेस्टमध्ये केळी ९० टक्के बरोबर. मग नकाशातले केळीचे पिक्सेल मोजून क्षेत्र लिहून दिलं. ज्यांना अहवाल दिला त्यांनी तालुक्याचा आकडा समोर ठेवला, माझा त्याच्या दुपटीहून जास्त. फार लाजिरवाणी दुपार होती ती.

नंतर कळलं की कापसाच्या दाट शेतांचा लहानसा हिस्सा केळीत गेला होता. कापसाच्या मानाने लहान, पण केळीच्या मानाने प्रचंड.

शेतनकाशा · ४ फेब्रुवारी, रात्री ९:००

प्राजक्ताताईंनी नेमकं सांगितलं. मृण्मयीच्या पिकांवर हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा ७०० हेक्टर गहू आणि ३० हेक्टर लसूण. सारखे पॉइंट दिल्यावर लसूण ९० टक्के सापडला, म्हणजे २७ हेक्टर. गहू ९५ टक्के बरोबर आला, ५ टक्के लसणात गेला. ऐकायला ५ टक्के काहीच नाही, पण ७०० चे ५ टक्के म्हणजे ३५ हेक्टर. नकाशात लसूण झाला ६२ हेक्टर आणि त्यातला अर्ध्याहून जास्त गहूच! टेस्टमध्ये दोन्ही पिकांचे ५०-५० पॉइंट असतील तर ही चूक दिसतच नाही, कारण तिथे गव्हाचे दोन-तीन पॉइंट चुकलेले दिसतात आणि आपण पुढे जातो.

म्हणून शिकवायचे पॉइंट कमी-जास्त करायला हरकत नाही, तपासायचे पॉइंट जमिनीवरच्या प्रमाणाशी बांधलेले हवेत. नाहीतर नंतर वजन देऊन हिशेब करावा लागतो.

आता तुमचा प्रश्न, दोन्हींत कुठला आकडा बरोबर. दोन्ही नाहीत. पहिल्यात लसूण पाच शेतांपुरता शिकला. दुसऱ्यात गव्हाचे ४२० चे ३८ करताना कुठले ३८ राहिले, ते बघा. माझा संशय तिथे आहे.

मृण्मयी_इंदूर · ५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

एकेक शेत बाहेर ठेवून चालवलं. पाचपैकी तीन लसणाची शेतं सापडली, दोन पूर्ण चुकली. एक गहू झालं, एक हरभरा.

आणि सारख्या पॉइंटांच्या नकाशात जो खोटा लसूण आहे तो कुठेही पसरलेला नाही, ठरावीक पट्ट्यांत आहे. काल त्यातल्या एका पट्ट्यात जाऊन आले. तिथे गहूच आहे, पण विरळ. ओळींमधून काळी माती दिसते. चित्रातही तो नोव्हेंबरच्या शेवटी हिरवा दिसतो आणि पुढे फार चढत नाही. लसणाचंही अगदी तसंच, ऑक्टोबरमध्ये लागवड, लवकर हिरवा, पण पात सरळ उभी असल्याने माती कधी पूर्ण झाकत नाही. देपालपूरच्या बाकीच्या गव्हाचा आलेख मात्र नोव्हेंबरमध्ये तळाला आणि जानेवारीत एकदम वर.

दत्तूकाका · ५ फेब्रुवारी, सकाळी ९:५५

बेटा, तो दोन पाण्याचा गहू. विहिरीला पाणी पुरत नाही तिथे सोयाबीन निघालं की जमिनीत ओल आहे तोवर, दिवाळीच्या सुमारास पेरून मोकळे होतात. फुटवा कमी, म्हणून विरळ. पाच-सहा पाण्याचा गहू नंतर पेरतात, तो गच्च होतो. दोघांना गहू म्हणतात, पण शेतकऱ्याच्या लेखी ती दोन वेगळी पिकंच. बटाटा काढून जानेवारीत पेरलेला तिसरा. तो तर आत्ता कुठे बोटभर आला असेल.

शेतनकाशा · ५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

काका, इथल्या सगळ्यांत मोलाची पोस्ट तुमची.

मृण्मयी, नोंदवहीत बघून सांगा, ९६ गव्हाच्या शेतांत दोन पाण्याची किती?

मृण्मयी_इंदूर · ५ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

नोंदीत पाणी लिहिलं नव्हतं. आलेख बघून वेगळी केली, ९ शेतं निघाली. ३८ पॉइंटांच्या यादीत त्यांचे फक्त ३ पॉइंट उरले होते. बटाट्यानंतरच्या गव्हाचा एकही नाही.

शेतनकाशा · ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:२०

हेच म्हणायचं होतं. क्लासांमधला तोल साधताना क्लासच्या आतला तोल गेला. लसणाशी ज्याची गल्लत होते तोच गहू कापला गेला, आणि जो गच्च गहू कुणीही ओळखेल तो राहिला. यादृच्छिक कापणीत असंच होणार, कारण जे थोडं आहे ते आधी संपतं.

मी असं करेन. एका शेतातून पाचाहून जास्त पिक्सेल घ्यायचे नाहीत, म्हणजे मोठं शेत मत विकत घेणार नाही. गव्हाचे तीन उपवर्ग करायचे : गच्च, दोन पाण्याचा, बटाट्यानंतरचा. तिन्ही वेगळे शिकवायचे आणि नकाशा झाल्यावर एकच रंग द्यायचा. कापायचं असेल तर गच्च गहू कापायचा, दोन पाण्याच्या गव्हाला हात लावायचा नाही. उलट तो वाढवायचा, कारण लसणाची सीमा तोच ठरवतो.

आणि लसूण शेतात जाऊन वाढवायचा, कॉम्प्युटरवर नाही. रस्ता सोडून आत जा. रस्त्याकडेची शेतं बहुधा पाण्याची, गाडी पोचणारी, म्हणून सगळी एका वळणाची.

अभिजित_ग्वाल्हेर · ५ फेब्रुवारी, रात्री ८:१५

शेताला एकक धरायचं हे पटलं. माझं मोहरीचं कामही आता पुन्हा तपासतो, तिथेही पिक्सेल ढवळले होते. पण क्लासला वजन देऊन हे सोपं होणार नाही का? सायकिट-लर्नमध्ये `class_weight='balanced_subsample'` आहे. एकही पॉइंट न कापता तोल येतो.

शेतनकाशा · ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कापण्यापेक्षा ते बरं, नक्कीच. दोन पाण्याचा गहू निदान हरवत नाही. `smileRandomForest` मध्ये तसं वजन द्यायची सोय नाही, म्हणून तिथे पॉइंटांच्या संख्येवरच खेळावं लागतं. पण वजन दिलं तरी ७०० हेक्टरच्या ५ टक्क्यांचा हिशेब बदलत नाही. वजन वाढवलं की लसणाकडे जास्त गव्हाचे पिक्सेल सरकणार. मी तर `setOutputMode('MULTIPROBABILITY')` लावून प्रत्येक पिकाची शक्यता बघतो आणि लसणाची रेषा कुठे ओढायची ते न शिकवलेल्या शेतांवर ठरवतो. फक्त ती शेतं मग अंतिम परीक्षेत धरायची नाहीत.

प्राजक्ता_बडोदे · ६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

उपवर्गांना माझा दुजोरा. केळीचे नवी लागवड आणि खोडवा असे दोन केले तेव्हाच कापसाचा गोंधळ कमी झाला. एकच शंका आहे. क्षेत्रच हवं असेल तर पॉइंटांच्या तोलावर इतका वेळ घालवावा का? नकाशा कसाही असो, नंतर दुरुस्त करून क्षेत्र काढता येतंच.

शेतनकाशा · ६ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

येतं, पण वाईट नकाशावरून काढलेल्या क्षेत्राची किंमत मोजावी लागते. वरचंच उदाहरण घ्या. नकाशातल्या ६२ हेक्टर लसणात यादृच्छिक ५० जागी गेलो, २३ ठिकाणी खरा लसूण निघाला. म्हणजे ६२ पैकी साधारण २८.५ हेक्टर. आता नकाशातल्या ६६८ हेक्टर गव्हात १०० जागी गेलो आणि एका ठिकाणी लसूण निघाला. त्या एका जागेचे होतात ६.७ हेक्टर. एकूण ३५ च्या आसपास. आता बघा, तो एक पॉइंट मिळाला नसता तर २८.५, दोन मिळाले असते तर जवळजवळ ४२. गव्हात लपलेला लसूण जितका जास्त, तितका हा झोका मोठा. म्हणून दोन पाण्याचा गहू नीट शिकवण्यात घातलेले दोन दिवस नंतरच्या शंभर जागांच्या फिरण्यात परत मिळतात.

या तपासणीच्या जागा नकाशा झाल्यावर नकाशातूनच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. शिकवायला गोळा केलेली शेतं इथे चालत नाहीत.

मृण्मयी_इंदूर · १६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

दहा दिवस फिरत होते, त्याचा वृत्तांत.

काकांनी सांगितल्याप्रमाणे गावात आधी चहाच्या टपरीवर विचारलं, मग शेतात गेले. सहा गावं, रस्त्यापासून आत. लसणाची १४ नवी शेतं मिळाली, दोन पाण्याच्या गव्हाची ११. प्रत्येक नोंदीत आता पेरणीचा पंधरवडा आणि किती पाणी दिलं ते लिहिलं. एक आजी लसणाच्या वाफ्यातून पात उपटून हातात देत म्हणाल्या, "वरून काय दिसणार, वास घे." पण त्यांच्यामुळेच कळलं की माझ्या जुन्या पाच शेतांपैकी एक लसूण नव्हतंच, तो कांदा होता! गाडीतून पाहिलेला. एकेक शेत बाहेर ठेवल्यावर जे दोन चुकले त्यातलं हे एक.

म्हणजे खरा लसूण १८ शेतं. दोन गावं पूर्ण बाजूला ठेवली, त्यात लसणाची ६. शिकायला १२ शेतं, प्रत्येकी पाचपर्यंत पिक्सेल. गच्च गव्हाची ४० शेतं ठेवली, दोन पाण्याच्या गव्हाची जेवढी होती ती सगळी. फेब्रुवारीचं एक चित्रही जोडलं.

बाजूला ठेवलेल्या गावांत लसणाची ६ पैकी ५ शेतं सापडली. दोन पाण्याच्या गव्हाच्या ७ शेतांपैकी एक अजून लसूण दिसतं. आतेबहिणीचं गाव आता नकाशात ओळखू येतं. तिच्या घरामागचा वाफासुद्धा.

जे सहावं लसणाचं शेत चुकलं ते हरभऱ्यात गेलं. मालक म्हणाले, सोयाबीन उशिरा निघालं म्हणून लसूण नोव्हेंबरच्या मध्यावर लावला. उशिराचा लसूण असा उपवर्ग करू का? आणि कांद्याचं काय करायचं? तो वेगळा क्लास करायला माझ्याकडे तीनच शेतं आहेत.

शेतनकाशा · १७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

एका शेताचा उपवर्ग होत नाही. आणि ते शेत बाजूला ठेवलेल्या गावातलं आहे, त्याला शिकवण्यात ओढलंत तर ते गाव परीक्षेचं राहणार नाही. उशिरा लावलेली आणखी शेतं दुसऱ्या गावांत मिळतात का बघा.

कांद्याबाबत माझ्याकडे खात्रीचं उत्तर नाही. पात सारखी, वाफे सारखे. या तारखांवर दोघं वेगळे पडतील असं मला वाटत नाही. मी "लसूण-कांदा" असा एकच क्लास ठेवेन आणि नकाशावर तसं स्पष्ट लिहीन.

प्राजक्ता_बडोदे · १७ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

मला पटत नाही. लसूण आधी निघतो, रब्बी कांदा पुष्कळदा एप्रिलपर्यंत उभा. मार्चअखेरचं चित्र आल्यावर ठरवा, आत्ता एकत्र करू नका. तोवर कांद्याची शेतं गोळा करत राहा.

दत्तूकाका · १७ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

उशिराचा लसूण हवा असेल तर आमच्या हातोदच्या खालच्या अंगाला ये. तिथे ओढ्याकाठी जमीन उशिरा वाफशावर येते, सगळेच नोव्हेंबरात लावतात. चार-पाच शेतं मी दाखवतो. पण पुढच्या आठवड्यात ये, नंतर उपटायला सुरुवात होईल.

मृण्मयी_इंदूर · १७ फेब्रुवारी, सकाळी ९:४८

काका, मंगळवारी सकाळी सातला निघते.